गोळीचा रंग बदलला, आता आज्जीला कसं सांगायचं?

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या घरातली बहात्तर वर्षांची आज्जी डोळ्यांसमोर आणू. तिला वाचता येत नाही, पण तिच्या गोळ्या तिला पाठ आहेत. गुलाबी उपाशीपोटी, मोठी पांढरी दोन्ही जेवणांनंतर, पिवळी नाश्त्यानंतर, बारकी पांढरी रात्री झोपताना. चार वर्षांत तिचा एकही डोस चुकलेला नाही. मग एका महिन्यात मेडिकलवाल्याकडे नेहमीची कंपनी नसते आणि तो दुसरी देतो. शुगरची गुलाबी गोळी आता हिरवी होते, बीपीची पिवळी आता गुलाबी. औषधं तीच, ताकदही तीच. सहा दिवसांत आज्जीला दोनदा अकराच्या सुमाराला घाम फुटतो, हात थरथरतात, आणि बीपी मात्र वाढलेलं निघतं.

असं का झालं, ते कसं शोधायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून घरात काय बदलायचं, हे याच उदाहरणाच्या आधाराने पाहू.

रंगावर भरवसा का ठेवता येत नाही

बहुतेक औषधांची मूळ पूड पांढरी किंवा पांढरट असते. रंग येतो तो गोळीत मिसळलेल्या किंवा वरच्या पातळ लेपातल्या रंगद्रव्यातून, आणि तो कोणता असावा हे कंपनी ठरवते. शुगरची गोळी अमुक रंगाची, बीपीची तमुक रंगाची, असा नियम आपल्याकडे नाही. एकच कंपनी एकाच औषधाच्या १ आणि २ मि.ग्रॅ. च्या गोळ्या ओळखू याव्यात म्हणून वेगळ्या रंगात काढते, पण दुसरी कंपनी तेच रंग उलटे वापरू शकते.

कंपनी बदलण्याची कारणंही रोजचीच आहेत. सरकारी दवाखान्यात औषध टेंडरने येतं. टेंडर दुसऱ्या कंपनीला गेलं की पुढच्या वेळी तीच गोळी वेगळ्या रूपात मिळते. जनौषधी केंद्रातली गोळी बाजारातल्या ब्रँडसारखी दिसत नाही. आपल्या सीमाभागात यात आणखी एक गोष्ट मिसळते. डॉक्टर कोल्हापूरचे, मिरजेचे किंवा गडहिंग्लजचे असतात, पहिल्या महिन्याची औषधं तिथेच घेतली जातात, आणि पुढची घ्यायची वेळ येते निपाणीत, खानापुरात किंवा बेळगावात. तिकडच्या मेडिकलमध्ये असलेला ब्रँड इकडे असेलच असं नाही.

आज्जीचा गोंधळ हा तिच्या वयाचा किंवा अडाणीपणाचा दोष समजू नका. अमेरिकेत २०१४ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोळीचा रंग बदलल्यावर औषध बंद पडण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. गोळी रोज हातात येते ती रूपानेच, आणि वाचता येणारी माणसंही तिला रूपानेच ओळखतात.

आधी मोजा, मग विचारा

अशा वेळी घरातले पहिला प्रश्न विचारतात, "आज्जी, गोळ्या बरोबर घेतेस नव्हं?" आणि उत्तर येतं, "व्हय गं, रोजच्यासारख्याच घेतोय की." ती खोटं बोलत नाही. तिच्या हिशोबाने ती रोजच्यासारख्याच घेते आहे. म्हणून विचारण्याआधी उरलेल्या गोळ्या मोजायच्या. मोजणीत कुणाची चूक काढली जात नाही, आणि उत्तर पक्कं मिळतं.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात आणा. डब्यातल्या तर आणाच, पण उशीखालच्या, देव्हाऱ्याजवळच्या, पिशवीतल्या, पानाच्या डब्यातल्याही आणा. नवी औषधं आणली त्या दिवशी काय किती होतं ते बिलावरून काढा, आणि आज किती उरलंय ते शेजारी लिहा.

आपल्या उदाहरणात सहा दिवसांनंतर असं दिसतं. नवी हिरवी गोळी, म्हणजे शुगरची ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ., दहा होत्या, चार उरल्या, सहा गेल्या. जुनी गुलाबी, म्हणजे तीच ग्लिमेपिराइड जुन्या कंपनीची, आठ उरलेल्या होत्या, आता पाच आहेत, तीन गेल्या. नवी गुलाबी, म्हणजे बीपीची टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ., दहा होत्या, सात उरल्या; तीन गेल्या.

आता हिशोब जुळवू. मेडिकलवाल्याने सांगितल्याप्रमाणे सूनबाई रोज सकाळी "ही शुगरची नवी" म्हणून हिरवी हातात देत होती. ती सहाच्या सहा दिवस गेली. पण आज्जीच्या डोक्यात "गुलाबी उपाशीपोटी" पक्कं बसलेलं. तिने रोज एक गुलाबीही घेतली. तीन दिवस तिच्या हाताला जुनी गुलाबी लागली, आणि त्या दिवशी ग्लिमेपिराइड दुप्पट गेली. तीन दिवस नवी गुलाबी लागली, म्हणजे बीपीची गोळी गेली. उरलेले तीन दिवस बीपीची गोळीच नाही. पिवळी संपली तेव्हा तिला वाटलं, डॉक्टरांनी बंद केली असणार. सहा दिवसांत ग्लिमेपिराइड सहाऐवजी नऊ, टेल्मिसार्टन सहाऐवजी तीन. थरथर आणि वाढलेलं बीपी, दोन्हींचा उलगडा इथेच होतो.

ब्रँड बदलल्यावर होणाऱ्या चुका साधारण या तीन तऱ्हांच्याच असतात: अनोळखी गोळी घेतलीच जात नाही, जुनी आणि नवी दोन्ही घेतल्या जातात, किंवा नव्या गोळीचा रंग दुसऱ्या जुन्या औषधाशी जुळतो आणि अदलाबदल होते. या घरात दुसरी आणि तिसरी एकत्र झाली. शोधायला हीच सर्वांत अवघड, कारण काही दिवस बरे जातात आणि काही वाईट, आणि घरचे दोष खाण्यापिण्याला देत बसतात.

मोजणीतून निघालेले आकडे तसेच्या तसे डॉक्टरांना फोनवर सांगा. "गोळ्या चुकल्या" एवढंच सांगण्यापेक्षा "ग्लिमेपिराइड तीन दिवस दुप्पट गेली, टेल्मिसार्टन तीन दिवस चुकली" हे सांगितल्यावर त्यांना लगेच निर्णय घेता येतो. चुकलेल्या बीपीच्या गोळ्या भरून काढायला एका दिवशी दोन देऊ नका. त्या दिवसापासून नेहमीचा डोस चालू ठेवायचा.

पाकिटावर काय वाचायचं

गोळ्यांच्या स्ट्रिपवर दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं ब्रँडचं नाव आणि दुसरं औषधाचं मूळ नाव. २०१८ च्या नियमबदलापासून मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावं लागतं, म्हणून आता ते शोधणं सोपं झालं आहे. मूळ नावापुढे बहुतेक वेळा टॅब्लेट्स आणि आय.पी. असं असतं. आय.पी. म्हणजे भारतीय औषधकोशातल्या मानकाप्रमाणे बनवलेलं.

जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी धरून चार गोष्टी जुळवा.

पहिली, मूळ नाव. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

दुसरी, ताकद, म्हणजे मि.ग्रॅ.चा आकडा. हा आकडा मूळ नावाजवळच वाचा. ब्रँडच्या नावातला आकडा फसवू शकतो. शुगरच्या जोडगोळ्यांच्या नावात एम १, एम २ असं येतं, तिथे १ किंवा २ हा बहुधा ग्लिमेपिराइडचा आकडा असतो आणि एम म्हणजे सोबत मेटफॉर्मिन हे शुगरचं दुसरं औषधही आहे.

तिसरी, गोळीत एकच औषध आहे की दोन. साधी टेल्मिसार्टन चालू असताना नव्या स्ट्रिपवर ए.एम. दिसलं तर त्यात बहुधा अॅम्लोडिपिन हे बीपीचं दुसरं औषधही आहे, एच. दिसलं तर लघवी वाढवून बीपी उतरवणारं औषध. ब्रँडची नावं जवळजवळ सारखी असतात आणि शेवटचं एक अक्षर नजरेतून सुटतं. ही चूक रंगाच्या गोंधळापेक्षा जास्त धोक्याची, कारण इथे औषधच बदललेलं असतं.

चौथी, एस.आर., एक्स.आर. किंवा ई.आर. ही अक्षरं. ती हळूहळू विरघळणाऱ्या गोळीची खूण. मेटफॉर्मिन ५०० साधी आणि मेटफॉर्मिन ५०० एस.आर. यांचा आकडा एकच असला तरी त्या एकमेकींच्या जागी आपल्या मनाने द्यायच्या नाहीत. एस.आर. गोळी तोडायची किंवा कुटायचीही नाही. तिचं रिकामं कवच कधी कधी शौचात जसंच्या तसं दिसतं. नवा ब्रँड सुरू झाल्यावर असं दिसलं की "गोळी अंगाला लागेना" म्हणून आज्जी ती सोडून देते. औषध आधीच आतड्यात उतरलेलं असतं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

चारही जुळलं तर औषध तेच. एक जरी जुळलं नाही तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मेडिकलच्या काउंटरवर

खरं तर नीट सांभाळायची जागा हीच आहे. दुकानातून बाहेर पडल्यावर झालेली चूक सुधारायला आठवडा जातो.

जाताना रिकामी झालेली जुनी स्ट्रिप सोबत न्या, नुसती चिठ्ठी नको. ब्रँड बदलून देत असतील तर सरळ विचारा, "डॉक्टरांनी लिहिलेलीच आहे का? बदली असेल तर मूळ नाव आणि ताकद दाखवा." चिठ्ठीवर लागणाऱ्या या औषधांत डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीऐवजी परस्पर दुसरी देणं औषध नियमांत बसत नाही, त्यामुळे हे विचारताना संकोच करू नये. चांगला फार्मासिस्ट स्वतःच डॉक्टरांना फोन लावतो.

स्ट्रिप कापून देतात तिथे जपा. आठ गोळ्या हव्या म्हणून कापलेल्या तुकड्यावर बरेचदा ना नाव राहतं ना मुदतीची तारीख. शक्य असेल तर पूर्ण स्ट्रिप घ्या. नाही तर नाव आणि तारीख असलेली बाजू आपल्याकडे येईल असं कापायला सांगा. आपल्या आज्जीकडे उरलेल्या आठ जुन्या गुलाबी गोळ्यांवर नाव असतं, तर सूनबाईच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं असतं.

प्रत्येक स्ट्रिपवर मार्करने वेळ लिहून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध देणारी सिस्टर कन्नडमधून सांगत असेल तर "ऊटद मोदलु" म्हणजे जेवणाआधी आणि "ऊटद नंतर" म्हणजे जेवणानंतर. ऐकताना घाईत मोदलु सुटून जातं, म्हणून तिथल्या तिथे "सकाळी उपाशीपोटी, बरोबर नव्हं?" असं एकदा परत विचारून घ्या. सकाळी उपाशीपोटी म्हटलं तरी ग्लिमेपिराइड नाश्त्याच्या अगदी थोडं आधी किंवा पहिल्या घासासोबत जायला हवी. गोळी घेऊन देवपूजा, मग गोठा, मग दोन तासांनी भाकरी, असं चालत नाही, शुगर उतरते.

जुनी आणि नवी एकत्र ठेवू नका

यापेक्षा महत्त्वाचा नियम या लेखात नाही: आज्जीच्या हाताशी एका औषधाचा एकच ब्रँड असावा.

जुन्या गोळ्या उरल्या असतील आणि मुदत शिल्लक असेल तर आधी त्या संपवा. तोवर नवी स्ट्रिप सूनबाईच्या कपाटात. जुनी शेवटची गोळी गेली की दुसऱ्या दिवसापासून नवी बाहेर काढायची. "एखादी असू दे वेळेला" म्हणून जुना तुकडा डब्यात राहतो, तोच पुढे दुप्पट डोस बनतो.

आपल्या उदाहरणात दोन औषधं एकदम बदलली आणि नव्या एकाचा रंग जुन्या दुसऱ्याचा निघाला. अशा वेळी जुनी गुलाबी संपेपर्यंत चालू ठेवणं धोक्याचं, कारण त्याच काळात नवी गुलाबीही द्यायची आहे. इथे जुन्या पाच गोळ्या त्याच दिवशी आज्जीच्या खोलीतून बाहेर काढायच्या. पाच गोळ्यांचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आज्जीला नवी खूण द्या

"रंग बघू नकोस" असं सांगून उपयोग नाही. तिची एक पक्की खूण काढून घेतली तर जागी दुसरी द्यावी लागते, आणि ती कंपनीच्या हातात नसलेली हवी. वेळ आणि जागा या खुणा घरच्या हातात असतात.

चार वेगळ्या डब्या घ्या. स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या, काहीही चालतील, पण हाताला वेगळ्या लागणाऱ्या असाव्यात. मोतीबिंदू असेल तर फिकट रंग नीट कळत नाहीत. पहिली चहाच्या डब्याशेजारी, झाकणावर उगवता सूर्य काढलेली: नाश्त्याच्या तोंडावरची ग्लिमेपिराइड. दुसरी ताटांजवळ, झाकणावर भाकरीचा गोल: दोन्ही जेवणांनंतरची मेटफॉर्मिन. तिसरी पाण्याच्या तांब्याजवळ, झाकणावर हृदयाचं किंवा तिला आवडेल ते चित्र: नाश्त्यानंतरची टेल्मिसार्टन. चौथी उशाशी, चंद्र काढलेली: रात्रीची, कोलेस्टेरॉलची अॅटोरव्हास्टॅटिन. पुढे कंपनी दहा वेळा बदलली तरी डबी आणि तिची जागा तीच राहते.

गोळ्या डबीत सुट्या ओतू नका. स्ट्रिपचे एकेक गोळीचे तुकडे फॉइलसकट कापून ठेवा. टेल्मिसार्टनसाठी हे हवंच, कारण ती हवेतला ओलावा ओढून खराब होते आणि घेण्याच्या क्षणापर्यंत फॉइलमध्ये राहायला लागते. खानापूरच्या पावसाळ्यात तर उघडी गोळी राहूच नये. बाजारात मिळणारे सात दिवसांच्या खान्यांचे डबेही याच कारणाने नुसत्या गोळ्या भरून वापरू नयेत. खान्यात फॉइलचा तुकडाच ठेवावा. तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करा. फॉइलसकट गोळी गिळली गेली तर अन्ननलिकेला इजा होते, म्हणून फोडून देणारं माणूस घरात असेल तर उत्तम.

मग एका सकाळी निवांत बसून जुनी आणि नवी गोळी आज्जीच्या तळहातावर शेजारी ठेवा. तिला सांगायचं वाक्य छोटं आणि खरं असावं: "आज्जी, औषध तेच हाय, कंपनी दुसरी हाय, म्हणून रंग दुसरा आलाय. शुगरची गुलाबी बंद, तिच्या जागी ही हिरवी. दोन्ही घ्यायच्या न्हाईत." शेवटचं वाक्य गाळू नका. बहुतेक घरांत पहिली दोन सांगितली जातात आणि तिसरं राहून जातं.

त्यानंतर तिच्याकडूनच ऐका. "आता उद्या सकाळी काय घेणार, दाखव बघू." तिने बरोबर डबी उचलली तर झालं. "कळलं का?" या प्रश्नाला "व्हय" हेच उत्तर येतं, त्यातून काही समजत नाही.

ती म्हणेल, "ही स्वस्तातली, हिचा गुण येत न्हाई." तिला दटावू नका. बीपी मोजून दाखवा. दवाखान्यात किंवा आशाताईंकडून बदलाच्या आधीचं आणि दोन आठवड्यांनंतरचं बीपी आणि शुगर लिहून घ्या. आकडा तसाच राहिला तर तिची खात्री पटते. आणि आकडा खरंच बिघडला, गोळ्या मोजून बरोबर गेलेल्या असूनही बिघडला, तर तिचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत न्या. मिर्गी, थायरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांत तर डोसातला थोडा फरकही जाणवू शकतो. तिथे ब्रँड शक्यतो बदलूच नये, बदलला तर डॉक्टरांना कळवून तपासणी करून घ्यावी.

पहिले दोन आठवडे

दर रविवारी गोळ्या मोजा, दोन मिनिटांचं काम. रोज एकेक जाणारी सातने आणि मेटफॉर्मिन चौदाने कमी झालेली दिसली पाहिजे. कमी गेलेली दिसली तर डोस चुकलाय. जास्त गेलेली दिसली तर त्याच दिवशी शुगर तपासा.

घाम, थरथर, एकदम भूक, छातीत धडधड, असंबद्ध बोलणं किंवा नुसतंच गप्प होणं ही शुगर उतरल्याची लक्षणं आहेत. मशीन असेल तर बघा; ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. मशीन नसेल तर लक्षणं दिसताच साखरपाणी द्या, वाट बघू नका. बरं वाटल्यावर भाकरी किंवा भात खायला घाला. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो. साखरपाण्याने सावरलेली आज्जी चार तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून दुप्पट डोस गेल्याचं कळलं तर लक्षणं थांबली तरी दवाखान्यात दाखवाच, आणि त्या रात्री तिला एकटं झोपवू नका. ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा.

पुढच्या महिन्याची तयारी

शेवटच्या गोळीच्या दिवशी दुकानात गेलं की जे मिळेल ते घ्यावं लागतं. आठ दिवस आधी गेलात तर मेडिकलवाला नेहमीची कंपनी मागवून ठेवू शकतो. खालचा मजकूर कागदावर लिहून सूर्याच्या डबीत घालून ठेवा आणि एक प्रत बाहेरगावी असलेल्या मुलाच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवा:

ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ., सकाळी नाश्त्याच्या तोंडावर एक.
मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. एस.आर., दोन्ही जेवणांनंतर एकेक.
टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ., नाश्त्यानंतर एक.
अॅटोरव्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ., रात्री एक.

या कागदावर ब्रँडचं नाव लिहू नका आणि रंगही लिहू नका. डॉक्टरांनी डोस बदलला की जुना कागद फाडून टाका आणि नवा तारीख घालून लिहा. बेळगावात, कोल्हापुरात किंवा मिरजेत, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हाच कागद आणि गोळ्यांची सगळी पिशवी सोबत न्या. काढून टाकलेल्या जुन्या गोळ्या शेजारच्या आज्जीला देऊ नका. तिची गुलाबी गोळी वेगळ्याच औषधाची असू शकते.